वरचं दृश्य लागत नाही

श्री. सिद्धलिंग शिवमूर्ती हलगे, वय वर्षे सदुसष्ट, राहणार पूर्णा, जिल्हा परभणी. सेवानिवृत्त शिल्पनिदेशक, विषय अभियांत्रिकी चित्रकला. वर्ण सावळा, बांधा मध्यम, ओळखीची खूण उजव्या कानावर पेन्सिल. सदर व्यक्ती कोणतीही घन वस्तू वरून, समोरून व बाजूने अशी तिन्ही अंगांनी पाहण्यास व तशी कागदावर उतरविण्यास सक्षम असून, निवृत्तीसमयी तसे प्रशस्तिपत्र तिला देण्यात आलेले आहे. प्रशस्तिपत्र बैठकीच्या खोलीत लावलेले आहे. दारातून आत येणाऱ्याला ते बाजूने दिसते, म्हणजे फक्त फ्रेमची जाडी दिसते.

सर आयटीआयमध्ये शिकवायचे. फिटर, सुतार, पत्राकाम, ज्या कुणाला हाताने वस्तू करून पोट भरायचं होतं त्या सगळ्यांना आधी सरांच्या वर्गातून जावं लागे. तिथं वस्तू नसायची, तिची चित्रं असायची. समोरून कशी दिसते, बाजूने कशी दिसते, वरून कशी दिसते. ही तीन चित्रं शेजारी शेजारी मांडून त्यांतून डोक्यात एक सबंध वस्तू उभी करायची, हा विषय. खेड्यातून आलेल्या पोरांना हे जड जायचं. ज्यांनी आयुष्यभर बैल सगळीकडून पाहिला त्यांना तो एका वेळी एकाच बाजूने का पाहायचा, हे कळायचं नाही.

सरांनी त्यावर एक उपाय काढला होता. ते कपडे धुण्याच्या निळ्या साबणाच्या वड्या आणायचे. फळ्यावर दोन किंवा तीन दृश्यं काढायचे आणि पोरांना सांगायचे, कापा. तारेने आणि पात्याने साबण कापत पोरं घन तयार करायची. मग सर एकेक वडी डोळ्यासमोर धरून तीन बाजूंनी फिरवायचे आणि काहीही न बोलता एक तर टेबलावर ठेवायचे किंवा बादलीत टाकायचे. बादलीतल्या साबणावर संस्थेच्या शिपायाच्या घरचे कपडे बरीच वर्षं धुतले गेले, असं म्हणतात.

सरांचा एक नियम होता, तो पुस्तकात नव्हता. लागतील तेवढीच दृश्यं काढायची. दोन दृश्यांत वस्तू कळत असेल आणि विद्यार्थ्याने तिसरं काढलं, तर सर दोन मार्क कापायचे. म्हणायचे, "ज्याला वस्तू दिसली न्हाई, तो जास्तीचं चित्र काढतो." चंद्रभान नावाचा सुतारकामाचा एक हुशार पोरगा होता. वार्षिक परीक्षेत त्याने वरचं दृश्य जास्तीचं काढलं, त्याचे दोन मार्क गेले आणि त्याचा पहिला नंबर हुकला. पुढे तो वाळूजला एका कारखान्यात लागला, तिथं ओतकामासाठी लाकडी साचे करायचा. लॉकडाऊनमध्ये परत आला आणि रेल्वे फाटकापलीकडे त्याने दुकान टाकलं. दारं, देव्हारे, टीव्हीची कपाटं.

सरांचं लग्न उमादेवींशी झालं तेव्हा पाहण्याच्या कार्यक्रमात त्यांनी मुलगी समोरूनच पाहिली. बाजूने पाहायची पद्धत नव्हती. वरून पाहण्याचा तर प्रश्नच नव्हता. संसार मात्र नीट झाला. एक मुलगी, शिवरंजनी, ती लातूरला दिली. उमादेवी घरात कमी बोलायच्या, पण बोलल्या की ते ऐकणाऱ्याच्या बराच वेळ लक्षात राहायचं.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात सकाळी उमादेवी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, उभ्या होत्या आणि हातातली उलथणी खाली पडली. वाकून उचलायला गेल्या तर डावा हात गेलाच नाही. परभणीच्या दवाखान्यात काही दिवस काढले. जीव वाचला, बोलणं वाचलं, पाय लंगडत का होईना परत आला. डावा हात आला नाही. तो खांद्यापासून लोंबत राहिला, जसा काही दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिला आहे.

आता उमादेवींचं दुःख हाताचं नव्हतं. भाकरी सून नसलेल्या घरात सरच थापायला शिकले होते, म्हणजे थापत होते. त्यांचं दुःख पूजेचं होतं. लहानपणी गुरूंनी गळ्यात बांधलेलं इष्टलिंग त्या रोज आंघोळीनंतर चांदीच्या डबीतून काढायच्या, डाव्या तळहातावर ठेवायच्या, उजव्या हाताने भस्म लावायच्या, बेलाचं पान वाहायच्या आणि मग बराच वेळ नुसतं त्याच्याकडे पाहत बसायच्या. हे झाल्याशिवाय तोंडात पाणी घेतलं नव्हतं, बाळंतपणातसुद्धा. आता उजवा हात पूजा करायला होता, पण लिंग ठेवायला डावा तळहात नव्हता. मांडीवर पालथा पडायचा. टॉवेलची गुंडाळी घालून पाहिली. एक दिवस हात गुंडाळीवरून कलला आणि लिंग मांडीवरून घरंगळत फरशीवर गेलं. काही झालं नाही, फरशीचा टवकाही उडाला नाही. पण त्या दिवसापासून उमादेवींनी ते बाहेर काढणं बंद केलं. डबीवर बोटं टेकवायच्या आणि जेवायला बसायच्या. जेवण अर्ध्यावर आलं.

शिवरंजनी फोनवर म्हणाली, आई, वाटीत ठेवून कर पूजा. उमादेवी म्हणाल्या, "वाटीत ठिवलं की द्येव होतो गं. हातावर ठिवलं की आपलं आस्तंय."

सरांनी पकडून धरायची तयारी दाखवली. आपलं लिंग दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं, एवढं सरांनाही ठाऊक होतं. तरी विचारलं. उमादेवींनी नकारार्थी मान हलवली, तेवढंच.

व्यायाम शिकवायला राजेश्री मॅडम यायच्या, तरुण फिजिओथेरपिस्ट, आठवड्यातून एकदा परभणीहून. त्यांनी सरांना एकीकडे घेऊन सांगितलं की आत्ता हात सैल आहे, पण पुढे तो आखडायला लागतो, बोटं आत वळतात. तळहात उघडा राहील असा काही आधार करा, रोज तासभर तरी. पूजेसाठी केलात तर काकू मनाने करतील, आणि मनाने केलेलं जास्त टिकतं. फार वेळ लावू नका, एवढं शेवटी म्हणाल्या.

सरांना आनंद झाला म्हणायला हरकत नाही. निवृत्तीनंतर प्रथमच घरात एका घनाची गरज निर्माण झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिंप्याची टेप आणली आणि उमादेवींच्या डाव्या हाताची मापं घेतली. कोपरापासून मनगट, मनगटापासून बोटांची पेरं, दंडाची नाही पण मनगटाची जाडी.

"ब्लाऊज शिवायलात का काय?" उमादेवींनी विचारलं.

"हात ठेवायचा ठोकळा करायलोय. तुझ्या पूजेसाठी."

त्यांनी उजव्या हाताने टेपचं टोक बाजूला केलं. मग म्हणाल्या, "चंद्रभानला घरी बोलवा की. हात बघंल, अन् करंल."

"ड्रॉइंग आस्ताना हात कशाला बघायचा?" सर म्हणाले.

ठोकळा साधा होता, आणि साधा होता म्हणूनच सरांना त्याचा अभिमान होता. पूजेला बसल्यावर चौरंगावर, छातीसमोर आडवा ठेवायचा सागवानी तुकडा. त्यात लांबीभर एक चर, त्यात हात उताणा झोपवायचा. चराची पलीकडची भिंत सरळ उभी, म्हणजे हात पुढं निसटणार नाही. अलीकडची, छातीकडची भिंत उतरती, म्हणजे उमादेवींनी उजव्या हाताने डावा हात ओढून काठावर आणला की तो त्या उतारावरून आत घसरेल, उचलावा लागणार नाही. दोन्ही भिंतींचे काठ सारख्याच उंचीचे. चराच्या उजव्या टोकाशी एक उथळ गोल खळगा, त्यात पंजाची पाठ बसेल आणि तळहात आकाशाकडे उघडा राहील. कोपर डावीकडे, पंजा उजवीकडे, छातीच्या बरोबर मध्ये.

सरांनी दोन दृश्यं काढली. समोरचं दृश्य, उमादेवी बसतात त्या बाजूने: एक लांब आयत, त्यात चराचा तळ आणि उजव्या टोकाचा खळगा तुटक रेषांनी, कारण ते लाकडाच्या आत दडलेले. त्याच्या उजवीकडे बाजूचं दृश्य: चराचं कापल्यासारखं तोंड, एक भिंत उभी, एक उतरती. बस्स. वरचं दृश्य लागत नव्हतं. मापं टाकली, साल टाकलं, सही केली.

आता इथं थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बाजूचं दृश्य म्हणजे कुठल्या बाजूचं? आपल्याकडच्या पद्धतीत वस्तू डावीकडून पाहिली की जे दिसतं ते समोरच्या चित्राच्या उजवीकडे काढतात, डावीकडून टॉर्च मारला तर सावली उजव्या भिंतीवर पडते तसं. दुसऱ्या पद्धतीत, जी अमेरिकेकडून आलेल्या कामांत कंपन्या वापरतात, उजवीकडून जे दिसतं तेच उजवीकडे काढतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. म्हणून कागदाच्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह काढायचं असतं, कापलेल्या शंकूचं, की ही कुठली पद्धत. सरांनी हे चिन्ह न काढणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. स्वतःच्या कागदावर त्यांनी ते काढलं नाही. घरच्या कामाला कोण चिन्ह काढतं?

सर कागद घेऊन फाटकापलीकडे गेले. चंद्रभानने रंधा बाजूला ठेवला, हात पुसले, सरांसाठी खुर्ची झटकली. कागद बघून म्हणाला, "सर, वरचं?"

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात एक परीक्षा, दोन मार्क आणि पहिला नंबर असं सगळं होतं.

"लागत न्हाई," सर म्हणाले.

चंद्रभानने पुन्हा विचारलं नाही. कशासाठी आहे तेही विचारलं नाही, आणि सरांनी सांगितलं नाही. विद्यार्थ्याला वस्तूचा उपयोग सांगायचा नसतो, नाहीतर तो रेषा न वाचता अंदाज वाचतो, हा सरांचा आणखी एक नियम. उमादेवी आजारी आहेत हे चंद्रभानला माहीत होतं, ठोकळ्याचा त्यांच्याशी संबंध असेल असं त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनी अंदाज केला की हलगे सरांनी बंदूक घेतली आहे आणि हा तिचा स्टँड आहे.

नवरात्राच्या आधी ठोकळा आला. काम देखणं होतं. चर आरशासारखा घासलेला, खळग्याला तेल लावलेलं. चंद्रभानने मजुरी घेतली नाही.

उमादेवी आंघोळ करून आल्या होत्या. पाठीवर ओले केस, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, गळ्यात डबी. सरांनी चौरंग मांडला, ठोकळा ठेवला, खळगा उजवीकडे. उमादेवींनी उजव्या हाताने डावा हात ओढला आणि तो ठोकळ्याच्या अलीकडच्या काठावरच अडकला. भिंत उभी होती. सरांनी हात उचलून आत ठेवला. क्षणभर राहिला, मग पलीकडे अडवायला उभी भिंत नसल्याने उतारावरून हळूहळू पुढं सरकला आणि काठापलीकडे चौरंगावर पडला.

सरांनी ठोकळा फिरवला, या टोकाच्या जागी ते टोक. आता उतार छातीकडे आला, उभी भिंत पलीकडे गेली. पण खळगा डावीकडे गेला, कोपराच्या जागी.

उमादेवींनी बघितलं. मग त्यांनी आपला उजवा हात उचलला, उजवीकडून आणला आणि चरात ठेवला. हात उतारावरून अलगद आत गेला, पंजा खळग्यात बसला, तळहात उघडा.

"ह्यो हात चांगला हाय माझा," त्या म्हणाल्या.

डबी त्यांनी उघडली नाही.

सरांना चूक कुठं झाली हे तिथंच, उभ्या उभ्या कळलं. चंद्रभानने बाजूचं चित्र उजवीकडून पाहिलेलं समजून घेतलं होतं. वाळूजला साचे करताना त्याने अनेक वर्षं तशीच चित्रं वाचली होती, हात तसा बसला होता. सरांनी कपाटातून आपली नक्कल काढली आणि कोपरा पाहिला. कोपरा कोरा होता. त्यांनी नक्कल घडी करून परत ठेवली.

त्या संध्याकाळी ते फाटकापलीकडे गेले. एवढं म्हणायला गेले असते की, बाबा, डाव्या हाताचा पाहिजे, उलटा कर, तर गोष्ट इथंच संपली असती. सरांनी ठोकळा चंद्रभानच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हे तू काय केलंस?"

चंद्रभानने कागद काढला, ठोकळा त्याच्या शेजारी ठेवला. समोरून जुळला. उजवीकडून जुळला. "कागदात हाय तेच केलंय, सर."

"आपल्याकडं डावीकडनं बघतात."

"कोपऱ्यात चिन्ह न्हाई, सर."

"तुला मी शिकवलंय. चिन्ह कशाला पाहिजे?"

दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं, देव्हाऱ्याच्या कळसाची चौकशी करायला आलेलं. ते दोघांकडे आलटून पालटून पाहत राहिलं. चंद्रभान खाली बघून म्हणाला, "सर, कसा पायजे तेवढं तोंडानं सांगा. उद्या करून देतो."

"ड्रॉइंग हाय. वाचून कर."

"वरचं दृश्य काढून द्या मग. खळगा अन् उतार एकदम दिसंल. घोळच राहणार न्हाई."

हे खरं होतं. वरून पाहिलं की खळगा कुठल्या टोकाला आणि उतार कुठल्या बाजूला हे एकाच चित्रात दिसतं, पद्धत कुठलीही असो. सर हे जाणून होते. पण वरचं दृश्य काढून देणं म्हणजे पूर्वी कापलेले दोन मार्क फाटकापलीकडे, गिऱ्हाइकासमोर परत करणं.

"लागत न्हाई," ते म्हणाले आणि ठोकळा काखेत घेऊन परत आले.

त्यानंतरचे दिवस सरांनी फार कामात घालवले. त्यांनी जुनी पुस्तकं काढली, मानकांची पानं काढली, परभणीला जाऊन एका माजी सहकाऱ्याला भेटले. तो म्हणाला तुमची पद्धत बरोबर आहे. सरांना हेच ऐकायचं होतं. मग तो म्हणाला, चिन्ह मात्र टाकायला हवं होतं. हे त्यांनी येताना बसमध्ये सोडलं. चंद्रभानने येऊन चूक कबूल करावी अशी त्यांची अपेक्षा होती. चंद्रभानने एकदा निरोप पाठवला, सर तुम्ही सांगा तसं करतो. निरोपात चूक हा शब्द नव्हता, म्हणून सरांनी उत्तर दिलं नाही. दिवाळी आली, चंद्रभानकडे दारांच्या कामाची गर्दी झाली. दिवाळी गेली.

राजेश्री मॅडम दर आठवड्याला यायच्या आणि विचारायच्या, आधाराचं काय झालं? सर म्हणायचे, काम चालू आहे, तांत्रिक अडचण आहे. मॅडम उमादेवींची बोटं एकेक करून उघडायच्या. सुरुवातीला ती मुकाट उघडायची. नंतर थोडी कुरकुर करायला लागली.

एकदा दुपारी सरांनी दुकानातून निळ्या साबणाच्या दोन वड्या आणल्या. बैठकीत वर्तमानपत्र पसरलं, तार आणि पातं घेतलं आणि कापायला बसले. उमादेवी समोर पलंगावर बसून बघत होत्या. सरांनी एक वडी आपल्या पद्धतीने कापली, दुसरी चंद्रभानच्या. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. समोरून पाहिल्या: सारख्या. मग त्यांनी खाली वाकून पहिली डावीकडून पाहिली, दुसरी उजवीकडून पाहिली: दोन्ही वेळा तेच एक चित्र, कागदावरचंच. रेघेचाही फरक नाही. आपल्या दोन दृश्यांत दोन वेगळ्या वस्तू मावतात, हे त्यांनी स्वतःच्या हाताने साबणात सिद्ध केलं होतं. वर्गात ही वडी आणणाऱ्या पोराला त्यांनी टेबलावर जागा दिली असती.

उमादेवी पलंगावरून म्हणाल्या, "ह्यो माझा. अन् त्यो उजव्याचा."

सरांनी मान वर केली. "तुला कसं कळलं?"

"मला हितनं वरूनच दिसायलंय की," त्या म्हणाल्या. मग मांडीवरच्या डाव्या हाताकडे बघून, "पूजंला बसल्यावर बी मला तसंच दिस्तंय. मी समोरनं कवा बघत न्हाई माझा हात."

सर उठले, पलंगावर त्यांच्या शेजारी बसले आणि तिथून दोन्ही वड्यांकडे पाहत राहिले. हे एक दृश्य त्यांनी काढलं नव्हतं, आणि ज्या एका माणसासाठी ठोकळा होता त्याला नेमकं तेवढंच दिसणार होतं. साबण संध्याकाळी बाथरूममध्ये गेला.

असं वाटेल की सर दुसऱ्या दिवशी फाटकापलीकडे गेले. गेले नाहीत. वरचं दृश्य त्यांनी त्याच रात्री काढलं, फार नेटकं, कोपऱ्यात शंकूच्या चिन्हासकट, आणि ते कपाटात ठेवलं. एकदा चंद्रभान बाजारात भेटला, दोघांनी नमस्कार केला, काकूंची तब्येत, थंडी, रेल्वेच्या नव्या पुलाचं काम, सगळं बोलून झालं. कागद घरी होता. आणि बाजारात असं कसं बोलायचं? संक्रांत झाली. शिवरंजनी तिळगूळ घेऊन आली. तिने आईच्या तळहातावर लाडू ठेवायचा प्रयत्न केला आणि मग तो दुसऱ्या हातात दिला.

रात्री जेवताना ती वडिलांना म्हणाली, "अप्पा, आईचा हात मिटायलाय. तुमाला दिसंना का?"

सरांना तो समोरून रोज दिसत होता.

सकाळी त्यांनी कपाटातून कागद काढला आणि फाटकापलीकडे गेले. चंद्रभानने कागद उलगडला. तीन दृश्यं होती. सर म्हणाले, "तुझ्या काकूंसाठी हाय. डाव्या हाताचा. पूजेला."

आयटीआयमध्ये असताना चंद्रभान सरांच्या घरी साबण आणायला जायचा तेव्हा उमादेवींनी त्याला कधी चहाशिवाय पाठवलं नव्हतं. त्याने कागद एकदा पाहिला, सरांकडे एकदा पाहिलं.

"सर, हे तवाच सांगितलं आसतं तर..." तो म्हणाला आणि पुढचं त्याने रंध्याच्या आवाजात घालवलं.

संध्याकाळपर्यंत ठोकळा तयार झाला. या वेळी चंद्रभान स्वतः घेऊन आला, चप्पल दाराबाहेर काढली, उमादेवींच्या पाया पडला. चौरंग मांडला. ठोकळा ठेवला. उमादेवींनी उजव्या हाताने डावा हात ओढला. तो उतारावरून आत घसरला, उभ्या भिंतीला टेकला, पंजा बरोबर खळग्यावर आला. समोरून जुळलं, बाजूने जुळलं, वरून जुळलं. पंजा मात्र खळग्यात बसला नाही, कारण बोटं आत वळून अंगठ्यावर घट्ट बसली होती. खळग्यावर एक मूठ आडवी पडून राहिली.

चंद्रभानने हळूच एक बोट उघडून पाहिलं. सोडलं की परत गेलं.

राजेश्री मॅडमना सरांनी विचारलं, आधी झालं असतं तर हात उघडा राहिला असता का? मॅडम म्हणाल्या, सांगता येत नाही काका, कुणाचा राहतो, कुणाचा नाही. रोज ठेवला असता तर बरं झालं असतं एवढं म्हणता येतं. सरांना हे उत्तर आवडलं नाही. ज्या विषयात दोन उत्तरं बरोबर असतात तो त्यांनी शिकवला नव्हता, असं त्यांना तोपर्यंत वाटत होतं.

आता रोज सकाळी सर उमादेवींच्या शेजारी बसतात, समोर नाही. कोमट तेल लावून बोटं एकेक करून उघडतात, करंगळीपासून. पाचवं उघडेपर्यंत पहिलं मिटलेलं असतं. मग उमादेवी डबीवर उजव्या हाताची बोटं टेकवतात आणि म्हणतात, "ऱ्हाऊ द्या आता, च्या गार होईल." एकदा शिवरंजनीने वाटीचा विषय पुन्हा काढला, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुझ्या अप्पाला सांग, वाटीचं बी ड्रॉइंग काढतील.

चंद्रभानच्या दुकानात एक नवी पाटी आहे: ड्रॉइंगप्रमाणे काम करून मिळेल, वस्तू कशासाठी ते सांगावे. ती सरांनी जाता येता वाचली आहे.

दोन्ही ठोकळे हलगे सरांच्या बैठकीत, प्रशस्तिपत्राखालच्या फळीवर, शेजारी शेजारी आहेत. समोरून ते सारखे दिसतात. प्रशस्तिपत्रातील मजकुरात कोणताही बदल करण्यात आलेला नाही. सदर व्यक्ती कोणतीही घन वस्तू वरून, समोरून व बाजूने पाहण्यास आजही सक्षम आहे.

उमादेवींची डावी मूठ उघडत नाही.